विश्लेषण : लॅपटॉपमधील कंपनीचे फर्मवेअर काढून खुले फर्मवेअर टाकले, तर ‘सिक्युअर बूट’चे काय होते?

विंडोज १० चा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे लॅपटॉप चांगले चालत असले तरी त्यांवर लिनक्स टाकणे हा सोपा मार्ग उरतो. नायगाव, परळ, लालबागमधील विद्यार्थी असा जुना लॅपटॉप शोधायला दादरहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. तिथे मिळणाऱ्या जुन्या थिंकपॅडबद्दल एक सल्ला हमखास कानावर येतो : ‘लिनक्स टाकतोच आहेस, तर बायोसही खुला टाक.’ हे खरोखर करता येते. मात्र त्याने लॅपटॉप अधिक सुरक्षित होतो की कमी, हे पुढच्या काही निर्णयांवर ठरते.

फर्मवेअर नेमके काय करते?

पॉवरचे बटण दाबल्यावर सर्वात आधी चालतो तो मदरबोर्डवरील आठ पायांच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम. तो प्रोसेसरला तयार करतो, मेमरी सुरू करतो, पडदा उजळवतो आणि मग डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स उचलतो. बोलीभाषेत याला आजही ‘बायोस’ म्हणतात. हा प्रोग्रॅम लॅपटॉप कंपनीचा असतो आणि त्याचा मूळ कोड ग्राहकाला पाहता येत नाही.

याला खुला पर्याय म्हणजे कोअरबूट. अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्सबायोस’ नावाने हे काम सुरू केले. २००८ पासून त्याला कोअरबूट म्हणतात. गुगलच्या क्रोमबुकमध्येही मुळात कोअरबूटच असते. लिब्रेबूट हा याच कोअरबूटवर आधारलेला, वापरायला तयार स्वरूपात मिळणारा संच.

कोअरबूट स्वतः फक्त यंत्र जागे करते. पुढचे काम ते दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडे सोपवते, त्याला ‘पेलोड’ म्हणतात. सीबायोस, ईडीके२, ग्रब आणि हेड्स हे त्यातले मुख्य पर्याय. सिक्युअर बूटचे भवितव्य याच निवडीत आहे.

उदाहरण थिंकपॅड एक्स २३० चे

समजा, नायगावातील एका विद्यार्थ्याने २०१२ सालचा लेनोवो थिंकपॅड एक्स २३० घेतला. खुल्या फर्मवेअरच्या वर्तुळात हे मॉडेल चांगलेच परिचित आहे आणि त्याला तांत्रिक कारण आहे. यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. या पिढीत मेमरी आणि पडदा सुरू करण्याचा कोडही कोअरबूटमध्ये खुल्या स्वरूपात उपलब्ध आहे. इंटेलच्या नंतरच्या पिढ्यांत या कामांसाठी सहसा कंपनीचा बंद कोड सोबत घ्यावा लागतो.

या लॅपटॉपमध्ये फर्मवेअरसाठी दोन चिप आहेत, एक ८ एमबीची आणि दुसरी ४ एमबीची. दोन्ही मिळून १२ एमबी जागा होते. तिच्यातील ७ एमबी बायोसची. उरलेल्या ५ एमबीतील जवळजवळ सगळी जागा इंटेलच्या ‘मॅनेजमेंट इंजिन’ या वेगळ्या बंद प्रोग्रॅमने घेतलेली असते. हा प्रोग्रॅम मुख्य प्रोसेसरवर चालत नाही. चिपसेटमधील एका छोट्या स्वतंत्र प्रोसेसरवर तो चालतो, त्यामुळे वापरात असलेल्या विंडोज किंवा लिनक्सला तो काय करतो हे दिसत नाही.

बदलून मिळते काय?

पहिला फायदा लगेच हाताला लागतो. एक्स २३० मधील वाय-फाय कार्ड जुने आहे. ते काढून नवे कार्ड लावले, तर कंपनीचे फर्मवेअर लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही आणि पडद्यावर असा मजकूर येतो :

```
1802: Unauthorized network card is plugged in
```

कार्ड बिघडलेले नसते. फर्मवेअरमधील मान्यताप्राप्त कार्डांच्या यादीत ते नसते, एवढेच. कोअरबूटमध्ये अशी यादी नाही, त्यामुळे नवे कार्ड चालते.

दुसरा फायदा मॅनेजमेंट इंजिनबाबतचा. ‘मी-क्लीनर’ नावाच्या साधनाने त्याचे बहुतेक भाग पुसता येतात आणि ५ एमबीचा हा प्रोग्रॅम शंभर केबीच्या आत येतो. तो पूर्ण काढता मात्र येत नाही. सुरुवातीचा भाग सापडला नाही, तर या पिढीचा लॅपटॉप सुमारे ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतो.

तिसरा फायदा दुरुस्तीचा. कंपनीने जुन्या मॉडेलकडे पाठ फिरवली की फर्मवेअरमध्ये नंतर सापडलेले दोष तसेच राहतात. कोअरबूटचा कोड खुला असल्याने तो दुरुस्त होत राहतो. नवी प्रत तयार करून चिपवर लिहिण्याचे काम मात्र मालकाने करायचे असते.

एका गोष्टीबाबत अनेकांची निराशा होते. बाजारातील स्वस्त बॅटरी एक्स २३० मध्ये चार्ज होत नाही, ती कोअरबूट टाकल्यावर होईल, असा समज असतो. बॅटरी तपासण्याचे काम बायोसचे नाही. कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या वेगळ्या छोट्या कंट्रोलरचे ते काम आहे आणि त्याचे फर्मवेअर बंदच राहते. शिवाय त्या कंट्रोलरचे अपडेट कंपनीच्या बायोस अपडेटसोबतच येते. म्हणून बदल करण्याआधी कंपनीचे हवे ते अपडेट करून घ्यावे लागते. नंतर तो रस्ता बंद होतो.

प्रत्यक्ष बदल कसा होतो?

मूळ फर्मवेअर सहसा स्वतःला पुसू देत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी लॅपटॉप उघडून चिपला बाहेरून जोडणी करावी लागते. चार्जर आणि बॅटरी काढायची, आतली छोटी गोल बॅटरीही सोडवायची. मग कीबोर्ड आणि मनगट टेकवण्याची पट्टी काढली की दोन्ही चिप दिसतात. पडद्याच्या बाजूची चिप ४ एमबीची. तिच्या आठ पायांवर चिमट्यासारखी क्लिप बसवून तिची वायर ‘सीएच३४१ए’सारख्या यूएसबी प्रोग्रॅमरला आणि तो दुसऱ्या संगणकाला जोडायचा.

इथे खिशाला परवडणारी एक वस्तू घात करू शकते. या प्रोग्रॅमरच्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या काळ्या आवृत्तीत डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. एक्स २३० ची चिप ३.३ व्होल्टची आहे. अनेकदा काम निभावते, पण चिप किंवा तिला जोडलेला चिपसेट जळण्याचा धोका राहतो. व्होल्टेज मोजून घेणे किंवा ३.३ व्होल्टवर चालणारा रास्पबेरी पाय पिको वापरणे शहाणपणाचे.

यानंतर लगेच नवे फर्मवेअर लिहायचे नाही. आधी जुन्याची प्रत दोनदा वाचायची आणि दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत का ते पाहायचे.

```
flashrom -p ch341a_spi -r x230-1.bin
flashrom -p ch341a_spi -r x230-2.bin
sha256sum x230-1.bin x230-2.bin
```

शेवटच्या आज्ञेने दोन लांबलचक आकडे दिसतात. ते वेगळे असतील, तर क्लिप नीट बसलेली नाही. ती पुन्हा बसवायची. आकडे सारखे असले तरी फाइल उघडून पाहावी. तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त `FF` किंवा `00` असेल, तर चिप वाचलीच गेलेली नाही. ४ एमबीची प्रत ठीक मिळाली की तेच ८ एमबीच्या चिपसाठी करायचे. दोन्ही प्रती लॅपटॉपच्या बाहेर, पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवायच्या.

साध्या बदलासाठी फक्त ४ एमबीची चिप लिहिली तरी चालते. मॅनेजमेंट इंजिन छाटायचे असेल, तर ८ एमबीच्या चिपलाही हात लावावा लागतो.

```
flashrom -p ch341a_spi -w coreboot-top.bin
```

शेवटी `VERIFIED` हा शब्द दिसला की लिहिलेले आणि मूळ फाइल जुळले, असा अर्थ. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही सेकंद काळा राहू शकतो. त्या वेळी घाईने बटण दाबून बंद करू नये.

बिघडले तर?

चुकीची फाइल लिहिली गेली, तर लॅपटॉप निर्जीव दिसतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळाच. हा बिघाड वाटतो तेवढा गंभीर नाही, कारण चिपला बाहेरून हात लावता येतो. क्लिप पुन्हा लावून जुनी प्रत परत लिहिली की लॅपटॉप पूर्ववत होतो. खरे नुकसान तीन प्रकारे होते : व्होल्टेज चुकून चिप जळणे, क्लिप ओढताना चिपचा पाय किंवा त्याखालचा तांब्याचा ठिपका उखडणे आणि जुनी प्रत जपून न ठेवणे.

प्रत हरवली की ‘दुसऱ्या एक्स २३० ची फाइल टाकून देतो’ असा तोडगा सुचवला जातो. लॅपटॉप त्याने सुरू होईलही. पण ८ एमबीच्या चिपमध्ये वायरच्या नेटवर्कचा मॅक पत्ता असतो. परक्या फाइलबरोबर तो पत्ताही येतो आणि एकाच नेटवर्कवर असे दोन लॅपटॉप आले, तर दोघांचेही कनेक्शन अडखळते.

विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर आणखी एक फटका बसतो. बिटलॉकरची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि फर्मवेअर ओळखीचे असेल तरच ती चिप किल्ली सोडते. फर्मवेअर बदलताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नोंदवून ठेवली नसेल, तर डिस्क शाबूत असूनही त्यातील डेटा कायमचा कुलूपबंद होतो.

आता सिक्युअर बूट

सिक्युअर बूटचे काम एका वाक्यात सांगता येते : डिस्कवरून उचलला जाणारा पहिला प्रोग्रॅम ओळखीच्या किल्लीने सही केलेला आहे का, हे फर्मवेअर तपासते. किल्ल्यांची यादी फर्मवेअरकडे असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या यादीत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असतात. उबंटू, फेडोरा यांसारखे लिनक्सही मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पुढे करूनच आत येतात.

इमारतीचा रखवालदार जसा येणाऱ्याचे ओळखपत्र पाहतो, तसे हे आहे. पण रखवालदार स्वतः कोण, हे सिक्युअर बूट तपासत नाही. फर्मवेअरच बदलले, तर तपासणारा बदलला. म्हणून कंपनीचे फर्मवेअर काढले की त्यातले सिक्युअर बूट, त्याच्या किल्ल्या आणि बंदी घातलेल्या प्रोग्रॅमची यादी हे सगळे सोबतच जाते. नव्या फर्मवेअरमध्ये ती सोय आपण ठेवली, तरच ती असते.

कंपनीच्या रखवालदारावर डोळे झाकून विश्वास टाकावा, असेही नाही. जुलै २०२४ मध्ये ‘बायनार्ली’ या सुरक्षा संस्थेने ‘पीकेफेल’ नावाने एक दोष उघड केला. नामांकित कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटची सर्वात वरची किल्ली फक्त चाचणीसाठी बनवलेली होती. तिच्या नावातच ‘विश्वास ठेवू नका’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते आणि तिचा गुप्त भाग बाहेर फुटला होता. त्या यंत्रांवर सिक्युअर बूट ‘चालू’ दिसत होते, पण ती किल्ली हाती असलेल्याला ते ओलांडता येत होते.

तीन वाटा

एक्स २३० वर कोअरबूट टाकताना पेलोड निवडला की सिक्युअर बूटच्या बाबतीत तीनपैकी एक गोष्ट घडते.

पहिली वाट सीबायोसची. ही सर्वात सोपी आणि म्हणून सर्वात प्रचलित. यात जुन्या पद्धतीचे बायोस मिळते. सही तपासणे हा प्रकारच नाही. आधी यूईएफआय पद्धतीने टाकलेले विंडोज किंवा लिनक्स सहसा सुरू होत नाही, ते नव्याने टाकावे लागते. लिनक्समध्ये स्थिती पाहण्याची आज्ञा अशी :

```
mokutil --sb-state
```

मूळ फर्मवेअरवर सोय चालू असेल, तर `SecureBoot enabled` असे उत्तर येते. सीबायोसवर मात्र यूईएफआयची सोयच नाही, असा संदेश मिळतो. म्हणजे सिक्युअर बूट तिथे बंद नाही, तर अस्तित्वातच नाही.

दुसरी वाट ईडीके२ ची. यात यूईएफआय आणि सिक्युअर बूट दोन्ही मिळू शकतात, पण फर्मवेअरची प्रत बनवताना ती सोय चालू केलेली असावी लागते. किल्ल्या कोणाच्या ठेवायच्या, हे मालक ठरवतो. मायक्रोसॉफ्टच्या ठेवल्या, तर नेहमीचे उबंटू चालते. फक्त स्वतःची ठेवली, तर लिनक्सच्या प्रत्येक नव्या कर्नलवर आपल्याला सही करावी लागते. ती विसरली, तर अपडेटनंतर लॅपटॉप नवे कर्नल उचलायला नकार देतो. मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्यांनाही वय आहे. २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. ही यादी अद्ययावत करण्याचे काम एरवी कंपनी किंवा विंडोज करते. इथे ते मालकाकडे येते.

तिसरी वाट हेड्सची. सुरक्षा संशोधक ट्रॅमेल हडसन यांनी डिसेंबर २०१६ मध्ये जर्मनीतील एका परिषदेत ती मांडली. हेड्समध्ये मायक्रोसॉफ्टचे सिक्युअर बूट नाही. त्याऐवजी दोन गोष्टी होतात. फर्मवेअर सुरू होताना आपल्या प्रत्येक भागाचा ठसा टीपीएम चिपमध्ये नोंदवते. सगळे ठसे जुळले तरच टीपीएम एक गुपित बाहेर देते आणि त्यावरून पडद्यावर सहा अंक दिसतात. तेच सहा अंक मालकाच्या फोनमधील ऑथेंटिकेटर अॅपमध्ये दिसले पाहिजेत. अंक जुळले नाहीत, तर फर्मवेअरमध्ये काहीतरी बदलले आहे. पुढे लिनक्सच्या बूट फाइलींवरील मालकाची स्वतःची सही तपासली जाते.

यालाही मर्यादा आहे. पहिला ठसा घेणारा कोड त्याच चिपमध्ये असतो. लॅपटॉप उघडून क्लिप लावू शकणारा निष्णात हल्लेखोर खोटा ठसा देणारा कोड लिहू शकतो. दूरवरून आलेल्या व्हायरसविरुद्ध हेड्स मजबूत आहे. लॅपटॉप तासभर परक्याच्या ताब्यात राहिला असेल, तर त्याची हमी तेवढी पक्की राहत नाही.

चिपला कुलूप आहे का?

यात एक बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. कंपनीचे फर्मवेअर सुरू होतानाच चिपवर लिहिण्याची वाट बंद करते. कोअरबूटच्या अनेक तयार प्रती ही वाट उघडी ठेवतात, कारण त्यामुळे पुढचे अपडेट लॅपटॉप न उघडता, लिनक्समधूनच करता येते. पण मालकाला जे जमते, ते प्रशासकाचा अधिकार मिळवलेल्या व्हायरसलाही जमते. त्याने फर्मवेअरच बदलले, तर ईडीके२ मधील सिक्युअर बूट फुकट गेले. त्यामुळे सगळे मनासारखे चालू लागल्यावर चिपवर लिहिण्याची बंदी घालणे हा या बदलाचाच शेवटचा टप्पा मानायला हवा. त्याची किंमत म्हणजे पुढचे अपडेट पुन्हा क्लिप लावून करावे लागू शकते.

नव्या लॅपटॉपवर का जमत नाही?

इंटेलने २०१३ पासून, चौथ्या पिढीपासून ‘बूट गार्ड’ आणले. ते चालू असलेल्या लॅपटॉपमध्ये कंपनीच्या किल्लीचा ठसा कारखान्यातच चिपसेटमध्ये कायमचा कोरला जातो. फर्मवेअरवर त्या किल्लीची सही नसेल, तर प्रोसेसर ते चालवतच नाही. क्लिप लावून चिप लिहिता येते, `VERIFIED` ही दिसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही. रखवालदाराची ओळख तपासणारा वरिष्ठ इथे आहे. मात्र त्याची नेमणूक कंपनी करते आणि ती बदलता येत नाही.

थिंकपॅड टी ४८० वरही हे कुलूप आहे. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये लिब्रेबूटने या मॉडेलला पाठिंबा दिला. मॅनेजमेंट इंजिनच्या जुन्या आवृत्तीत २०१७ मध्ये सापडलेल्या एका भगदाडातून ही वाट काढली आहे. म्हणजे तिथे खुले फर्मवेअर चालते ते बूट गार्ड निकामी करून. जी वाट मालकाने वापरली, ती लॅपटॉप हाती लागलेल्या दुसऱ्या कोणालाही मोकळी आहे.

मग करावे कोणी?

ज्याला विंडोज वापरायचेच आहे, ज्याचा लॅपटॉप कार्यालयाचा आहे किंवा ज्याच्याकडे तोच एकमेव लॅपटॉप आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. लिनक्सवर काम करणारा, दुसरा संगणक हाताशी असलेला आणि जुनी प्रत जपून ठेवणारा माणूस एक्स २३० सारख्या यंत्रावर हे करू शकतो. दुकानातून असा बदल केलेला लॅपटॉप घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत : पेलोड कोणता आहे, मूळ फर्मवेअरची प्रत मिळेल का आणि चिपवर लिहिण्याची बंदी घातली आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असे आले, तर घरी नेल्यावर स्वतः मिळवलेली खात्रीची प्रत पुन्हा लिहून घ्यावी.